फॉर्म यंत्राने भरावा, जबाबदारी मात्र माणसाने ओळखून घ्यावी



टपाल खात्यात काय किंवा रेल्वेत काय, कारकुनी कामाचा एक प्रकार असा आहे की त्याला कोणी काम म्हणत नाही, पण तो माणसाचे दिवसच्या दिवस खातो. वरून पत्र येते की सर्व कर्मचाऱ्यांची माहिती अमुक संकेतस्थळावर अमुक तारखेपर्यंत भरावी. माहितीची यादी आधीच एक्सेलच्या तक्त्यात तयार असते. आता तीच माहिती एकेका माणसामागे एकेका चौकटीत पुन्हा टंकायची असते. एक माणूस संपला की पान पुन्हा कोरे होते आणि पुढचा माणूस सुरू होतो.

हे काम यंत्राकडून करून घेता येते. तक्त्यातील एक ओळ वाचायची, ती फॉर्मच्या चौकटींत भरायची, मग पुढची ओळ घ्यायची, असा छोटा प्रोग्राम कार्यालयातील एखादा जाणता तरुण दोन-तीन दिवसांत लिहू शकतो. काही ठिकाणी तो लिहिला गेलाही आहे. काही अधिकारी त्याचे कौतुक करतात, काही भुवया उंचावतात, आणि चूक निघाली की दोघेही लॉगिन कोणाच्या नावाचे होते एवढेच पाहतात. म्हणून या विषयावर आमचे मत आम्ही येथे मांडत आहोत. आम्ही अशा प्रोग्रामच्या विरोधात नाही. पण तो कसा चालतो, कुठे फसतो आणि कुठे थांबला पाहिजे हे ठाऊक नसताना तो चालवणे म्हणजे दुसऱ्याच्या चुकीवर आपली सही करणे होय, असे आमचे स्पष्ट मत आहे.

एक उदाहरण डोळ्यांपुढे ठेवू. समजा, एका कार्यालयात २४० कर्मचारी आहेत. प्रत्येकाची कुटुंबाची, बँक खात्याची आणि वारसाची माहिती एका फॉर्मवर भरायची आहे. फॉर्ममध्ये ४२ चौकटी आहेत. सवयीच्या हातालाही एका माणसाला सहा मिनिटे लागतात. म्हणजे १,४४० मिनिटे, चोवीस तास, आठ तासांचे पूर्ण तीन दिवस, तेही मध्ये खिडकीवर कोणी आले नाही, फोन वाजला नाही आणि नेट गेले नाही असे धरून. आणि १०,०८० चौकटी भरताना तिसऱ्या दिवशी दुपारी चारनंतर डोळा किती नीट पाहतो, हे ज्याने हे काम केले आहे त्याला सांगायला नको.

यंत्राचा विचार करण्याआधी एक प्रश्न प्रशासनाला लेखी विचारला पाहिजे. या संकेतस्थळावर सगळी यादी एकाच वेळी चढवण्याची सोय आहे काय? अनेक ठिकाणी ती असते. ठरावीक नमुन्याचा तक्ता उतरवून घ्यायचा, त्यात माहिती भरायची आणि फाइल परत चढवायची. ही सोय असेल तर बाकीचा खटाटोप व्यर्थ आहे. तेथे चुकीच्या ओळी संकेतस्थळच परत दाखवते, आणि काम करणाऱ्यावर आडवाटेने काही केल्याचा ठपका येत नाही. सोय नसेल तर ती का नाही हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे, कारण त्या ४२ चौकटींपैकी नाव, जन्मतारीख, नेमणुकीची तारीख, हुद्दा, खाते क्रमांक अशी निम्म्याहून अधिक माहिती पगार काढणाऱ्या यंत्रात आधीच असते. दोन यंत्रे एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणून मधला दुवा माणसाच्या बोटांनी जोडला जातो, ही खरी गोष्ट आहे. तरीही उत्तर येईपर्यंत मुदत थांबत नाही. म्हणून आता प्रोग्रामकडे वळू.

बहुतेकांना वाटते की प्रोग्राम लिहिणे हा अवघड भाग आहे. तसे नाही. अवघड भाग तक्त्याचा आहे. माणूस टंकताना चुकीची गोष्ट दिसली तर थबकतो. यंत्र थबकत नाही. तक्त्यात जे आहे ते ते निमूटपणे पुढे सरकवते. म्हणून फॉर्म भरण्यात जितका वेळ वाचेल त्यातला बराचसा तक्ता तपासण्यात घालवावा लागतो, आणि तो घालवलाच पाहिजे. तीन ठिकाणी तक्ता हमखास दगा देतो.

पहिले ठिकाण खाते क्रमांक. एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले १५ अंकच लक्षात ठेवते. सोळा अंकी खाते क्रमांक 1234567890123456 असा टंकला तर तो 1234567890123450 असा साठवला जातो. शेवटच्या अंकाचे शून्य होते आणि पडद्यावर कसलीही सूचना येत नाही. क्रमांकाच्या सुरुवातीला शून्ये असतील तर तीही गळतात. यावर उपाय एकच. माहिती टंकण्याआधी तो पूर्ण स्तंभ Text या प्रकारचा करून ठेवायचा. आधी टंकून मग प्रकार बदलला तर हरवलेला अंक परत येत नाही, तो मूळ कागदावरूनच पुन्हा घ्यावा लागतो. ओळखण्याची खूण सोपी आहे. सोळा किंवा त्याहून अधिक अंकांच्या खात्यांचा स्तंभ वरून खाली पाहावा. सगळेच क्रमांक शून्यात संपत असतील तर ती माहिती मेली असे समजावे.

बँकेच्या आयएफएससी संकेताचे तसे नाही. त्याला स्वतःची शिस्त आहे. एकूण ११ अक्षरे, पहिली चार बँकेची, पाचवे नेहमी शून्य आणि उरलेली सहा शाखेची. घाईत लोक शून्याच्या जागी इंग्रजी ओ हे अक्षर टंकतात आणि डोळ्यांना ते दिसत नाही. तक्त्यात शेजारच्या रिकाम्या स्तंभात हे सूत्र लिहून खालपर्यंत ओढले की दोषी ओळी FALSE म्हणून समोर येतात.

```
=AND(LEN(E2)=11,MID(E2,5,1)="0")
```

पिन कोडाची मात्र आपल्या टपालवाल्यांना काळजी नको. १५ ऑगस्ट १९७२ पासून चालत आलेला हा सहा अंकी क्रमांक शून्याने सुरू होत नाही, त्यामुळे एक्सेलला त्यात गिळण्यासारखे काही सापडत नाही.

दुसरे ठिकाण जन्मतारीख, आणि हे सर्वांत घातक. आपण दिवस आधी लिहितो, महिना नंतर. संगणकाची मांडणी अमेरिकी पद्धतीची असेल तर तो महिना आधी वाचतो. 02/09/1968 ही आपल्या दृष्टीने २ सप्टेंबर आहे, त्या संगणकाच्या दृष्टीने ९ फेब्रुवारी. साठाव्या वर्षी निवृत्ती धरली तर पहिल्या हिशेबाने तो कर्मचारी ३० सप्टेंबर २०२८ ला निवृत्त होतो, दुसऱ्याने २९ फेब्रुवारी २०२८ ला. मध्ये सात महिन्यांचा पगार आहे. सेवापुस्तकात खरी तारीख असेल हे मान्य. पण दोन नोंदी जुळेनाशा झाल्या की कागद अडतात, आणि ते निवृत्तीच्या तोंडावरच अडतात हा आपला सर्वांचा अनुभव आहे.

ही चूक ओळखायचीही खूण आहे. 25/09/1968 ही तारीख अमेरिकी पद्धतीत बसतच नाही, कारण पंचविसावा महिना नसतो. एक्सेल ती तारीख म्हणून घेत नाही, साधा मजकूर म्हणून ठेवते. तारखा चौकटीत उजवीकडे सरकतात आणि मजकूर डावीकडे राहतो. म्हणून एकाच स्तंभात काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे दिसल्या तर समजावे की डावीकडच्या बरोबर आहेत आणि उजवीकडच्या उलटल्या आहेत. म्हणजे ज्या चांगल्या दिसतात त्याच चुकलेल्या असतात. सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे दिवस, महिना आणि वर्ष असे तीन वेगळे स्तंभ करणे. मग उलटण्यासारखे काही उरतच नाही, आणि फॉर्मला हव्या त्या क्रमाने प्रोग्राम ते जोडून देतो.

तिसरे ठिकाण नावाचे. मराठी आडनाव रोमन लिपीत एकाच तऱ्हेने लिहिले जात नाही. जाधव हे आडनाव कोणाचे Jadhav असते, विदर्भातील कोणाचे Jadhao असते. इटारसीला किंवा सिकंदराबादला नोकरी करणाऱ्या आपल्या माणसाचे नाव तर स्थानिक कारकुनाने कानाला लागले तसे लिहिलेले असते. फॉर्म हे नाव आधार कार्डाशी किंवा बँकेशी ताडून पाहत असेल तर एक अक्षर चुकले तरी नकार येतो. म्हणून नावाचा स्तंभ आठवणीवरून भरायचा नाही. ज्या कागदाशी फॉर्म ताडणार आहे त्याच कागदावरून भरायचा. आणि तक्ता तयार झाला की प्रत्येक कर्मचाऱ्याला त्याची ओळ छापून दाखवावी आणि त्यावर त्याची सही घ्यावी. या एका कागदाने उद्याचे निम्मे तंटे मिटतात.

आता प्रोग्रामचे काम पाहू. फॉर्ममधील प्रत्येक चौकटीला पडद्यामागे एक नाव असते. चौकटीवर उजवे बटण दाबून Inspect निवडले की ते नाव दिसते, उदाहरणार्थ empNo किंवा relation. तक्त्याचा कोणता स्तंभ कोणत्या नावाच्या चौकटीत जायचा, ही जोडणी एकदाच करायची असते. ब्राउझर चालवण्यासाठी सेलेनियम नावाचे फुकट मिळणारे साधन आहे. ते २००४ मध्ये संकेतस्थळांची चाचणी घेण्यासाठी तयार झाले आणि पायथन या भाषेतून चालवता येते. ते प्रत्यक्ष ब्राउझर उघडते आणि माणसासारखे एकेक चौकट भरत जाते. आपण समोर बसून ते पाहू शकतो. सुरुवातीच्या काही ओळी ब्राउझर उघडण्याच्या, याद्या वाचण्याच्या आणि माणसाने लॉगिन करेपर्यंत थांबण्याच्या असतात. त्या सोडल्या तर मुख्य भाग एवढाच आहे.

```python
for r in rows:
    if r["emp_no"] in done:
        continue
    d.get(FORM)
    d.find_element(By.ID, "empNo").send_keys(r["emp_no"])
    box = Select(d.find_element(By.ID, "relation"))
    box.select_by_visible_text(r["relation"])
    receipt = input(r["emp_no"] + " पावती क्रमांक: ")
    if receipt:
        with open("done.csv", "a", newline="", encoding="utf-8") as f:
            csv.writer(f).writerow([r["emp_no"], receipt])
```

संगणकाची भाषा न येणाऱ्यांनीही या ओळींचा अर्थ समजून घ्यावा. यादीतील प्रत्येक ओळ घ्या. तो कर्मचारी आधीच झालेल्यांत असेल तर त्याला सोडा. कोरा फॉर्म उघडा. कर्मचारी क्रमांक टंका, वारसाचे नाते यादीतून निवडा. येथे आम्ही दोनच चौकटी दाखवल्या आहेत, उरलेल्या चाळीस याच धर्तीवर येतात. मग थांबा आणि पावती क्रमांक विचारा. तो मिळाला की लगेच वेगळ्या फाइलमध्ये उतरवा.

यात Submit दाबण्याची ओळ कोठेही नाही, हे जाणत्यांच्या लक्षात आले असेल. ती आम्ही मुद्दाम ठेवलेली नाही. यंत्र भरते, माणूस पडद्यावर वाचतो, माणूस बटण दाबतो, आणि संकेतस्थळाने दिलेला पावती क्रमांक माणूस उतरवतो. बटणही यंत्रानेच दाबले तर आणखी वेळ वाचेल हे खरे. पण त्या बटणाच्या वर बहुधा एक वाक्य असते की वरील माहिती मी तपासली असून ती खरी आहे. ते वाक्य ज्याच्या लॉगिनने जाते त्याची ती कबुली असते. न वाचता २४० वेळा कबुली देणे कोणत्याही शहाण्या कर्मचाऱ्याने पत्करू नये.

प्रत्यक्ष चालवताना दोन गोष्टी बिघडतात. एक म्हणजे एकमेकांवर अवलंबून असलेल्या याद्या. राज्य निवडले की जिल्ह्यांची यादी मागाहून येते. माणसाला तो एक-दोन सेकंदांचा उशीर जाणवत नाही, यंत्र मात्र यादी येण्याआधीच जिल्हा शोधू लागते. ते सापडले नाही म्हणून प्रोग्राम थांबला, तर तो चांगला बिघाड होय, कारण तो दिसतो. वाईट बिघाड तो की जेव्हा चौकटीत आधीपासून असलेले पहिलेच नाव तसेच राहते आणि फॉर्म तक्रार न करता स्वीकारला जातो. नात्याच्या यादीत पहिले नाव वडिलांचे असेल, तर पत्नीच्या जागी वडील अशी नोंद होऊन बसते. वारसाच्या फॉर्ममध्ये याचा अर्थ काय होतो तो आपल्याला ठाऊक आहे. त्यावर उपाय म्हणजे ठरावीक सेकंद थांबण्याऐवजी हवे ते नाव यादीत येईपर्यंत थांबायला प्रोग्रामला सांगणे, आणि भरून झाल्यावर चौकटीतील नाव परत वाचून तक्त्याशी ताडणे.

दुसरी गोष्ट नेट जाण्याची. समजा १३७ व्या ओळीला Submit दाबले आणि चाक फिरत राहिले. नोंद झाली की नाही कळत नाही. अशा वेळी पान पुन्हा ताजे करण्याचा मोह होतो, आणि ब्राउझर Confirm Form Resubmission अशी सूचना दाखवतो. तेथे होय म्हणू नये. होय म्हटले की तीच माहिती दुसऱ्यांदा पाठवली जाते आणि एकाच माणसाच्या दोन नोंदी होऊ शकतात. आधी संकेतस्थळावरील भरलेल्या फॉर्मांच्या यादीत तो कर्मचारी क्रमांक शोधावा. सापडला तर पावती क्रमांक उतरवून घ्यावा, न सापडला तरच फॉर्म पुन्हा भरावा. पावती मिळाली नाही ती ओळ झाली नाही, हा नियम पक्का ठेवला तर दुसऱ्या दिवशी प्रोग्राम पुन्हा सुरू केला तरी तो बरोबर राहिलेल्या ओळीपासून पुढे जातो. बराच वेळ काही हालचाल नसली की संकेतस्थळ आपल्याला बाहेर काढते. तेव्हाही हाच नियम उपयोगी पडतो.

सुरुवात एकदम २४० वर करू नये. पहिल्या दिवशी पाच ओळी भराव्यात, त्या संकेतस्थळावरून छापून घ्याव्यात आणि मूळ कागदांशी दोन माणसांनी ताडाव्यात. या पाचांत एक लांब खाते क्रमांकाचा, एक महिन्याच्या बाराव्या दिवसाच्या आत जन्मलेला आणि एक दोन वारस असलेला मुद्दाम निवडावा.

यात वेळ किती वाचतो, याचाही प्रामाणिक हिशेब मांडू. यंत्र एक फॉर्म अर्ध्या मिनिटात भरते असे धरा, वाचून बटण दाबायला एक मिनिट. २४० माणसांना सहा तास झाले. तक्ता तपासून सह्या घ्यायला एक पूर्ण दिवस. प्रोग्राम लिहायला आणि चाचणीला दोन दिवस. म्हणजे पहिल्या खेपेला वेळ वाचतच नाही, उलट थोडा जास्तच लागतो. फायदा दुसऱ्या खेपेला होतो, फॉर्म तोच राहिला तर. चौकटींची नावे बदलली की जोडणी पुन्हा करावी लागते. दहा-पंधरा माणसांच्या लहान कार्यालयाने या भानगडीत पडू नये, हातानेच भरावे. मोठ्या कार्यालयाला पहिल्या खेपेचा खरा लाभ वेगळाच आहे. तीन दिवस टंकण्यात गेले असते ते मूळ माहिती तपासण्यात जातात, आणि माहिती बरोबर जाते.

आता मर्यादेचा प्रश्न. फॉर्म आपोआप भरणे या गोष्टीला रेल्वेत वाईट नाव का आहे, हे आपल्या बुकिंगच्या खिडकीवरील भावंडांना सांगायला नको. तत्काळ तिकिटांसाठी दलालांनी असेच प्रोग्राम वापरले. प्रवाशांची यादी आधीच भरून ठेवायची आणि खिडकी उघडताच क्षणात ओतायची. ते येथेच थांबले नाहीत. माणूस आहे की यंत्र हे पाहणारी वेड्यावाकड्या अक्षरांची चाचणी त्यांनी चुकवली, खोट्या नावांची खाती उघडली, आणि रांगेत उभ्या असलेल्या सामान्य प्रवाशाचे तिकीट पळवले. रेल्वे सुरक्षा दलाने रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४३ खाली त्यांच्यावर कारवाया केल्या, आणि जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटाला आधारची पडताळणी सक्तीची झाली.

आपल्या कामात आणि त्या धंद्यात फरक कोणता? चौकटी भरण्याचे तंत्र दोन्हीकडे एकच आहे. फरक एवढाच की आपण कोणाची रांग मोडत नाही आणि कोणाचा पहारा चुकवत नाही. हा फरक पाळायचा असेल तर रेषा स्पष्ट हवी. वेड्यावाकड्या अक्षरांची चाचणी आली की माणसाने ती वाचावी, यंत्राला वाचायला लावू नये. मोबाइलवर येणारा एक वेळचा परवलीचा क्रमांक ज्याचा त्याने स्वतः द्यावा. २४० जणांचे मोबाइल एका टेबलावर गोळा करणे हे सोयीचे वाटले तरी गैर आहे. लॉगिन ज्याला दिले आहे त्यानेच ते वापरावे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये संगणकाच्या मालकाच्या किंवा ताबेदाराच्या परवानगीविना त्यात प्रवेश केल्यास भरपाईची जबाबदारी सांगितली आहे, आणि कलम ६६ क मध्ये दुसऱ्याचा परवलीचा शब्द अप्रामाणिकपणे वापरणे हा गुन्हा आहे. म्हणून प्रोग्राम चालवण्याआधी संबंधित अधिकाऱ्याची लेखी परवानगी घ्यावी. तोंडी शाबासकी चौकशीत उपयोगी पडत नाही.

तक्ताही सांभाळायला हवा. २४० माणसांचे खाते क्रमांक, आधार आणि मुलाबाळांची नावे एका फाइलमध्ये आहेत. ती व्हॉट्सॲपच्या गटावर टाकू नये, खासगी पेन ड्राइव्हवर घरी नेऊ नये, आणि फॉर्म भरून देतो म्हणणाऱ्या कोणत्याही अनोळखी संकेतस्थळावर चढवू नये. ब्राउझरला जोडायची काही तयार साधने आपण उघडलेले प्रत्येक पान वाचण्याची परवानगी मागतात. कार्यालयाच्या संगणकावर ती बसवू नयेत. काम संपले की तक्ता अधिकाऱ्याच्या ताब्यात द्यावा आणि बाकीच्या प्रती पुसून टाकाव्यात.

शेवटी आपल्या मागण्या. प्रशासनाने जेथे पन्नासाहून अधिक कर्मचाऱ्यांची माहिती मागितली आहे तेथे यादी एकत्र चढवण्याची सोय संकेतस्थळातच द्यावी. जी माहिती पगाराच्या यंत्रात आहे ती कर्मचाऱ्याकडे पुन्हा मागू नये, फक्त तपासायला द्यावी. सोय होईपर्यंत कोणी परवानगीने प्रोग्राम वापरला, तर तो तयार करण्याचा आणि तक्ता तपासण्याचा वेळ कामाचा वेळ म्हणून धरावा. तो तरुणाचा छंद समजून रविवारी करून घेऊ नये. आणि यंत्राने तीन दिवसांचे काम एका दिवसात केले म्हणून त्या टेबलावरची जागा अतिरिक्त ठरवू नये, कारण उरलेले दोन दिवस तपासणीला लागतात आणि तपासणी हेच खरे काम आहे.

शाखांच्या पदाधिकाऱ्यांनी पुढील मुदतीचे पत्र येईल तेव्हा पहिल्याच दिवशी एकत्र चढवण्याच्या सोयीबद्दल लेखी विचारणा करावी आणि तिची प्रत शाखेत जपून ठेवावी. उत्तर नकाराचे आले तरी चालेल. पुढे ५७ व्या ओळीतल्या तारखेवरून कोणाला जाब विचारला गेला, तर हे काम हाताने जोडायला कोणी लावले हे दाखवणारा तो कागद आपल्या हातात असेल.